रेघेखालचे चार फूट

उंब्रजच्या पूर्वेला ओढ्यावर बांधलेला पूल ऑगस्टच्या पुरात पडला नाही, नुसता वाकला. पडला असता तर बरं झालं असतं, असं नाथाजी मिस्त्रीला पुढे कितीदा तरी वाटलं. पडलेल्या गोष्टीचा शोक माणूस एकदाच करतो. वाकलेली गोष्ट मात्र रोज समोर उभी राहते. मधला खांब वीतभर खचला होता. त्याच्यावर टेकलेल्या दोन्ही कमानींत बोट जाईल अशा भेगा गेल्या होत्या. आणि खांबाच्या अंगावर, ओढ्याच्या तळापासून हातभर उंचीवर, छिन्नीनं कोरलेली एक आडवी रेघ होती. ती आता तिरपी झाली होती.

ती रेघ नाथाजीनंच कोरली होती.

आदल्या वर्षी, म्हणजे पंचेचाळीसच्या दसऱ्यानंतर, या पुलाचं टेंडर निघालं तेव्हा अट अशी होती की पाया आणि वरचं बांधकाम एकाच ठेक्यात घ्यायचं. नाथाजी सातारचा. त्याच्याकडे वडिलांपासून चालत आलेली दगडाची खाण होती, वीस गवंडी होते, पण पाणी उपसायला एक पंप नव्हता. सांगलीच्या कृष्णातकडे इंजिनाचा पंप होता, पाण्यात उतरून खणणारी माणसं होती, पण दगडाचा एक थर त्यानं जन्मात लावला नव्हता. एकट्यानं भरलेलं टेंडर दोघांपैकी कुणाचंच टिकलं नसतं. तरुणपणी एका धरणाच्या कामावर दोघांनी एकाच ताटात भाकरी खाल्ली होती. तेव्हा दोघांनी मिळून टेंडर भरायचं ठरवलं. नवी कंपनी काढली नाही, भागीदारीची नोंद केली नाही. दोन पेढ्या होत्या तशाच राहिल्या आणि एका पुलापुरत्या एकत्र आल्या.

टेंडरच्या कागदावर सह्या करताना कचेरीतल्या कारकुनानं शेवटचं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'आम्ही उभयता एकत्रितपणे आणि प्रत्येकी या कामास जबाबदार आहोत.'

"म्हंजी सरकारनं आपलं लगीनच लावलं की रं नाथा," कृष्णात म्हणाला होता.

"लगीन कशाचं? एका जुवाला जुपलंय. एक बसला की दुसऱ्यानं वढायचं."

"मग तू बसू नगंस म्हंजी झालं. तुला खाऊन झोपायची लय सवय."

कारकूनही हसला होता. त्या हसण्यात ते कलम वाहून गेलं.

दोघांना वाटत होतं, आपला खरा करार निराळाच आहे. सांगलीत एका अर्जनवीसाकडून त्यांनी तो स्टँपाच्या कागदावर लिहून घेतला होता. रेघेखालचं काम आणि त्याची जोखीम कृष्णातची, रेघेवरचं काम आणि त्याची जोखीम नाथाजीची. एकाच्या चुकीनं दुसऱ्याला तोशीस लागली तर ती चूक करणाऱ्यानं भरून द्यायची. नफा समाईक नाही, ज्याचा त्याचा. तो कागद त्यांनी कचेरीत दाखवला नाही. दाखवायचा असतो हेही त्यांना सुचलं नाही. दगडात काम करणारी माणसं ती. पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर खूण कोरतो आणि ती खूण पाहून कुणाचं काम ते कुणीही ओळखतो. तशी ही रेघ खांबावर आहे, आणखी काय हवं, असं त्यांना वाटलं.

पाया भरून खांब ओढ्याच्या तळावर आला त्या दिवशी रेघ कोरली गेली. कृष्णात कमरेएवढ्या चिखलात उभा होता. "हितवर माझं घर," तो म्हणाला, "हितनं वर तुझं. पाणी माझं, आभाळ तुझं. जा गड्या आता वर." आणि त्यानं चिखलाचा हात रेघेवरून पुसला. त्या मे महिन्यात ओढ्याकाठच्या करंजांना दाट सावली होती आणि सगळं अगदी सोपं वाटत होतं.

पुरानंतर कृष्णात पूल बघायला आला. सगळे नको म्हणत असताना छातीभर पाण्यात उतरला, खांबाला हात लावून बराच वेळ उभा राहिला. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

"नाथा," तो म्हणाला, "चार फूट."

एवढंच. नाथाजीला तो कबुलीजबाब वाटला. पाया चार फुटांनी कमी पडला हे कृष्णातनं मान्य केलं, असं तो समजला आणि मनातल्या मनात थोडा हलकाही झाला. मित्राच्या पडलेल्या चेहऱ्याकडे त्यानं नीट पाहिलं नाही. कृष्णातला त्या रात्रीच ताप भरला. सांगलीला नेल्यावर बाराव्या दिवशी तो गेला.

ऑक्टोबरात सरकारच्या बांधकाम खात्याची नोटीस आली. दोघांच्या नावची, पण पोचली सातारच्या पत्त्यावर, एकट्या नाथाजीला.

इंजिनिअरसाहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नाथाजीला खुर्ची दिली. नाथाजी तिच्या कडेवर बसला आणि स्टँपाचा कागद त्यानं दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"साहेब, पाया कृष्णातचा हुता. ह्यात लिवलंय. खांबावर रेघ बी हाय."

साहेबांनी कागद वाचला, घडी केली आणि परत त्याच्याकडे सरकवला.

"यावर सरकारची सही कुठे आहे?"

"आमा दोघांचीच हाय."

"मग हा तुम्हा दोघांमधला कागद. सरकारशी तुम्ही केलेला करार एकच, आणि त्यात रेघ नाही, मिस्त्री. त्यात पूल आहे. अख्खा."

"पण तुमच्या ओव्हरसियरनी पाया बघितला हुता. तेनीच हो म्हटलं."

"म्हटलं असेल. खात्यानं काम पाहिलं म्हणून ठेकेदार सुटत नाही, तेही कलम आहे. पाया खडकावर घ्यायचा होता. तो गोट्यांच्या थरावर थांबला." साहेब क्षणभर खिडकीबाहेर पाहत राहिले. "कृष्णात गेले, फार वाईट झालं. पण त्यांच्या जाण्यानं तुमची जबाबदारी अर्धी होत नाही. सरकार दोघांकडे मागू शकतं, किंवा दोघांतल्या कुठल्याही एकाकडे सगळं मागू शकतं. त्यांची मिळकत सांगली संस्थानात. तुम्ही इथे, सरकारच्या हद्दीत. मी काय करणार ते तुम्हीच सांगा."

नाथाजीनं नोटीस पुन्हा उलगडली. जानेवारीत काम सुरू करून पावसाळ्याआधी दोन कमानी आणि खांब उतरवून पायापासून पुन्हा बांधायचे, तेही स्वतःच्या खर्चानं. नाहीतर खातं ते दुसऱ्याकडून करून घेणार, अनामत जप्त करणार आणि राहिलेलं त्याच्या खाणीतून वसूल करणार. तो बाहेर आला तेव्हा अजिंक्यताऱ्यावर ऊन कलत होतं. किल्ल्याच्या पलीकडच्या अंगाला त्याची खाण होती. सुरुंगाचा आवाज आला. त्याचाच सुरुंग. पहिल्यांदाच तो आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा वाटला.

नानासो वकील त्याच्या वडिलांच्या वेळचे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"साहेब बरोबर बोलले. सरकारपुढे तुम्ही दोघे एक. तिथे हा स्टँपाचा कागद चालणार नाही. पण तुमच्या आणि कृष्णातच्या मध्ये हाच कागद चालेल. सरकारचं काम तुम्ही पुरं करायचं आणि लागलेलं सगळं कृष्णातच्या मिळकतीतून मागायचं. कागद नसता तर कायद्यानं निम्मं निम्मं झालं असतं. कागद आहे, म्हणून सगळं."

"ती भागीदारी नोंदलेली न्हाई, तेचं काय?"

"ते विरुद्ध बाजूचा वकील काढीलच. आपण म्हणू, ही भागीदारीच नव्हे. नफा वाटायचा नव्हता. दोघांनी मिळून घेतलेला ठेका, एवढंच." नानासोंनी चष्मा काढला. "दावा सांगलीच्या कोर्टात लावू, म्हणजे हुकूमनामा बजावायला सीमा आड येणार नाही. मात्र एक सिद्ध व्हायला हवं. पाया वर थांबवायचं कृष्णातनं ठरवलं, दुसऱ्या कुणी नव्हे. त्याची मापवही असेल. ती मिळवा."

"कुठनं?"

"त्याच्या घरातून. भेटायला म्हणून जा. तेराव्याला गेला होता का?"

नाथाजीनं मान खाली घातली.

सर्व्हिस मोटारीनं तो सांगलीत उतरला तेव्हा थंडी पडू लागली होती. पेठेत रिकाम्या गोणत्यांना जुन्या हळदीचा वास येत होता. कृष्णातच्या कारखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत गोणपाटाखाली पंप झाकून ठेवलेला, आणि त्याच्यापाशी गुंडा, कृष्णातचा म्हातारा पाणक्या, म्हणजे पंप चालवणारा गडी, चिंधीनं पितळ पुसत बसला होता. त्यानं नाथाजीकडे पाहिलं आणि पुसायचं थांबवलं नाही.

मागच्या दारातून कृष्णातची बायको बनाबाई आली. कपाळ मोकळं. नाथाजीला वाटलं, वाकलेला पूल आणि हे कपाळ, दोन्हीकडे आपण सारखंच बघू शकत नाही.

"आलासा भाऊजी. बसा."

"वहिनी, मला आधीच यायला पायजे हुतं."

"व्हय, पायजे हुतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "गुंडाच्या खांद्यावर किती चढायचं? पंप लोकांच्या माळव्याच्या रानात, भाजीला पानी द्याय, भाड्यानं लावतोय. तेवढ्यावर दोन पोरी जेवत्यात. पुलाचं काय झालं?"

त्यानं सांगितलं. दाव्याचं सांगितलं नाही. मापवही बघायची आहे म्हणाला. ती आत गेली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आली.

"मला वाचाय येत न्हाई. तुमीच बघा काय पायजे ते. मी च्या टाकते."

वही वरच होती. कृष्णातचं अक्षर ठसठशीत आणि बाळबोध. रोजची खोली, पाण्याचा उपसा, किती माणसं. नाथाजी पानं उलटत मधल्या खांबापाशी आला. अकरा मे. 'गोटे लागले. पहार आत जाते. खडक अजून चार फूट खाली असावा. आठ दिवस लागतील. थांबायचे नाही. नाथाला चिठ्ठी पाठवली.'

पुढचं पान जाड लागलं. त्याला बाभळीच्या काट्यानं एक कागद टोचलेला होता. नाथाजीनं कागद उलगडण्याआधीच ओळखला. खाणीवरच्या हजेरीवहीचा तो फाडलेला तुकडा होता आणि अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

'कृष्णात, किती खाली गेलास तरी तेच लागणार. गोट्यांचा थर दणकट आहे, ओव्हरसियरलाही चालतंय. माझे वीस गवंडी चार दिवस बसून आहेत, पाऊस डोक्यावर आला. उद्या पाया भर. पुढचं माझ्यावर सोड. नाथा.'

चिठ्ठी लिहिल्याचं तो विसरला होता असं म्हणता येणार नाही. त्यानं तिच्यावर दुसरे दिवस रचले होते, दगडावर दगड रचावा तसे, आणि त्यांच्या भारानं ती खाली गेली होती. आता ती जशीच्या तशी वर आली. ते दुपारचं ऊन आठवलं, सावलीत पत्ते खेळणारे गवंडी, उभं राहून मांडीवर कागद ठेवून लिहिलेल्या त्या ओळी. गाडीवानाला तो म्हणाला होता, "पळ." चार फूट. कृष्णात पाण्यातून वर येऊन कबुली देत नव्हता. तो आठवण करून देत होता. आणि आठवत नाही असं दिसल्यावर पुढचे बारा दिवस गप्प राहिला होता.

आतून कपबशीचा आवाज आला. नाथाजीनं काटा काढला. कागदाची बोटाएवढी बारीक घडी झाली आणि ती बंडीच्या खिशात गेली. इतकं सोपं होतं ते. रेघ कोरण्याइतकंच सोपं. वही हातात धरून तो उठला.

"गावलं का?" बनाबाई दारात होती. चहाची बशी तिच्या हातात होती. "तेंनी मला सांगूनच ठिवलं हुतं. म्हनले, नाथा येईल, वही मागील. दे त्येला. तेच्यातलं काय न्यायचं नि काय ठेवायचं, त्येचं त्यो ठरवील."

"आनि काय म्हनला?"

"काय न्हाई. निजले."

नाथाजी पुन्हा खाली बसला. गुंडानं पितळ पुसायचं थांबवलं होतं. नाथाजीनं खिशातला कागद काढला, मांडीवर पसरला, हातानं घड्या मोडल्या आणि एकेक शब्द तोडत मोठ्यानं वाचला. शेवटच्या ओळीला त्याचा आवाज इतका खाली गेला की ती बनाबाईला वाकून ऐकावी लागली.

बनाबाईनं बशी त्याच्यापुढे ठेवली.

"म्हंजी तुमी थांबवलं," ती म्हणाली.

"मी थांबवलं. त्यो थांबला. त्येनं ऐकायला नको हुतं, पर मी सांगायलाच नको हुतं. वहिनी, मी दाव्यासाठी आलो हुतो. सगळं तुमच्यावर टाकाय. ही चिठ्ठी जपून ठेवा. उद्या माझ्या मागं माझ्या घरचं कुनी कोर्टात गेलं तर ही दाखवा. 'पुढचं माझ्यावर सोड' म्हनलोय मी, सही हाय माझी."

"आनि सरकार? सरकार माझ्या दारात ईल?"

हा प्रश्न तिनं इतक्या सरळपणे विचारला की त्याला खोटं बोलता आलं नाही.

"येऊ शकतं. सरकारला ही चिठ्ठी दाखवून उपेग न्हाई, जसा माझा कागद दाखवून झाला न्हाई. सही दोघांची हाय. कृष्णातनं जे मागं ठेवलं तेवढ्यापुरतं ते मागू शकतं."

"मागं काय ठेवलंय? त्यो पंप."

"मी पूल पुरा केला तर कुनी येनार न्हाई."

"आनि न्हाई झाला तर?"

चहा निवून त्यावर साय धरली होती. नाथाजीनं तो एका घोटात संपवला, जणू ते एक काम उरलं होतं.

नानासो वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. "चिठ्ठी तुम्ही स्वतः तिच्या हातात दिलीत." तो प्रश्न नव्हता. "ठीक. सगळं मागायचं गेलं. तरी दोघांची चूक धरून अर्ध्या वाट्याचा दावा लावता येईल. विचार करा."

"केलाय," नाथाजी म्हणाला.

डिसेंबरात खाण गेली. घेणारा सातारचाच, कालपर्यंत त्याच्याकडून खडी नेणारा. कागद झाला त्या दिवशी नाथाजीनं घरी काही सांगितलं नाही, पण संध्याकाळी तो घरात बसलेला असताना खाणीवर सुरुंग उडाला तेव्हा बायको धोंडुबाई चुलीपाशी थबकली आणि त्याच्याकडे न बघता तिनं पुन्हा जाळ सारला. जानेवारीत कमानी उतरवायला सुरुवात झाली. उतरवताना जे दगड फुटले त्यांच्या जागी नवे आणावे लागले, आणि ते आले त्याच खाणीतून, विकत. पहिल्या गाडीतला पहिला दगड केरबा गवंड्यानं उलटला तर त्यावर नाथाजीची जुनी खूण. विकण्याआधी घडवून ठेवलेला.

"मालक, ह्यो तर आपलाच धोंडा."

"हुता," नाथाजी म्हणाला.

खोदाईला पंप भाड्यानं मिळेना. कराडपर्यंत माणूस जाऊन आला. बांध घालून बादल्यांनी पाणी उपसायचं ठरलं, आणि तसं उपसून खडक कधीच लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठव्या दिवशी दुपारी रस्त्यावर एक बैलगाडी थांबली. गोणपाट झाकलेलं काहीतरी जड होतं तिच्यात आणि पुढे गुंडा बसला होता.

"तुमी पंप धुंडताय, ही बातमी कराडावरनं सांगलीला आली. बनाबाईंनी धाडलाय," तो खाली उतरत म्हणाला.

"माळव्याचं रान सोडून? पोरी काय खातील?"

"ते मी इचारलं. म्हनल्या, सरकार दोघांचं एक धरतंय न्हवं, मग एक धरू दे. तेंचं चार फूट राहिल्यात, ते आपल्या पंपानं हूं देत." गुंडा गोणपाट सोडू लागला. "तुमच्यासाठी न्हाई, म्हनल्या. हे बी सांगाय सांगितलंय."

नाथाजीनं मान हलवली. आभार मानायची जागा त्या निरोपात ठेवलेलीच नव्हती.

नऊ दिवस इंजिन त्या ओढ्यात खोकत राहिलं. गोटे निघाले, रेती निघाली, मग पुन्हा गोटे. दहाव्या दिवशी सकाळी खालून पहारीचा आवाज बदलला. आतापर्यंत ती खसकन आत जात होती. आता ती वाजली आणि उडाली. गुंडानं खालून हाक दिली नाही, नुसतं वर बघितलं. नाथाजी शिडीनं उतरला. पायाला गार पाणी लागलं आणि पाण्याखाली काळा, जुना, कुणाचाही नसलेला खडक. मापाची काठी जुन्या पायाच्या तळापासून धरली. चार फूट आणि वर तीन बोटं.

त्यानं मान वर केली. वर आभाळाचा एक चौकोन दिसत होता. पाणी माझं, आभाळ तुझं, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि आता दोन्ही एकट्याच्या वाट्याला आलं होतं.

मे महिन्यात काम पुरं झालं. साहेब स्वतः आले, पूल चालून गेले, कागदावर सही केली. नाथाजीच्या नावापुढे खात्याच्या यादीत 'पुढे काम देऊ नये' असा शेरा आधीच पडला होता आणि तो पुसायचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं.

ते गेल्यावर केरबा छिन्नी घेऊन खांबापाशी आला.

"मालक, रेघ कुठं मारायची?"

गुंडा गाडीवर पंप चढवून दोर आवळत होता. सांगलीला पोचायला त्याला तीन-चार दिवस लागणार होते. नाथाजी दोराचं दुसरं टोक धरायला गेला. केरबा थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग त्यानं छिन्नी पिशवीत टाकली.